एयूसी बाजूला ठेवा, शंभर फोनांचा हिशोब सांगा

प्रश्न: "मागच्या नोकरीत मी ग्राहक सोडून जाण्याचा अंदाज देणारं मॉडेल बनवलं. रिटेन्शन टीम ते वापरत होती. रिझ्युमेमध्ये 'एक्सजीबूस्ट, एयूसी ०.८४' असं लिहिलंय. पण मुलाखत घेणारे मॅनेजर बहुतेक वेळा मार्केटिंग किंवा ऑपरेशन्समधले असतात आणि विचारतात, 'याचा कंपनीला फायदा काय झाला?' महसुलाचे आकडे मला कधी कुणी दिलेच नाहीत. अर्जात काय लिहू आणि समोर बसल्यावर काय सांगू?"

बहुतेक लोक इथे एयूसी सोप्या भाषेत कशी सांगायची याच्या मागे लागतात. ते जमतंही. एक सोडून गेलेला आणि एक टिकलेला असे दोन ग्राहक चिठ्ठी टाकून उचलले, तर १०० पैकी ८४ वेळा मॉडेल गेलेल्याला जास्त धोक्याचा ठरवतं, एवढाच ०.८४ चा अर्थ. पण हे ऐकून मॅनेजरला काय कळलं? ग्राहकांच्या अशा जोड्या लावणं हे त्यांच्या टीममध्ये कुणाचंच काम नाही. त्यांना दर महिन्याला ठरवायचं असतं की हाताशी असलेली माणसं आणि पैसे कुणावर खर्च करायचे. तुमच्या मॉडेलमुळे तो निर्णय कसा बदलला, एवढं त्यांना ऐकायचं आहे.

शिवाय मॉडेल स्वतः कुणालाही थांबवत नाही. मॉडेल यादी देतं, यादीवरून कुणीतरी फोन करतं, फोनवर काहीतरी देऊ केलं जातं, मग ग्राहक थांबतो किंवा जातो. एयूसी या साखळीच्या पहिल्या कडीबद्दल बोलते आणि कंपनीचा फायदा शेवटच्या कडीत असतो. मधल्या कड्या सांगितल्या नाहीत तर फायद्याचं वाक्य एकतर पोकळ वाटतं किंवा फुगवलेलं.

उत्तर कितपत ठाम देता येईल हे तुमच्याकडे पुरावा कोणत्या दर्जाचा आहे यावर अवलंबून आहे. यादीतल्या काही ग्राहकांना मुद्दाम फोन न करता बाजूला ठेवलं होतं का? ठेवलं असेल तर तुम्ही 'मोजलं' म्हणू शकता. ते नसेल, पण जुन्या डेटावर यादी तपासली असेल, तर 'योग्य माणसांपर्यंत पोचलो' इथपर्यंत म्हणता येतं, 'वाचवलं' म्हणता येत नाही. तेही नसेल तर तो तुमचा अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच सांगायचा. तिन्ही प्रकारांत चांगलं उत्तर देता येतं. उमेदवार घसरतात ते खालच्या पायरीवर उभं राहून वरच्या पायरीची भाषा बोलल्यामुळे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, तिथे तुमचे घाला.

एका सबस्क्रिप्शन सेवेचे ५०,००० ग्राहक आहेत. दर महिन्याला ४ टक्के, म्हणजे साधारण २,००० जण सोडून जातात. रिटेन्शन टीम महिन्याला २,५०० ग्राहकांनाच फोन करू शकते. हा २,५०० चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्या आत बसतो. मॉडेल ५०,००० जणांना गुण देतं हे खरं, पण कामाला येतात ते वरचे २,५०० च. म्हणून मॉडेलची पारखही तिथेच करायची.

आता मॉडेल येण्याआधी टीम काय करत होती ते पाहा. बहुतेक ठिकाणी काहीतरी नियम आधीपासून असतो. समजा नियम असा होता: तीस दिवसांत ॲप न उघडलेल्यांपैकी २,५०० जणांना फोन करायचा. जुन्या डेटावर तपासलं तर त्या २,५०० मध्ये खरोखर सोडून जाणारे २७५ निघतात. मॉडेलच्या २,५०० मध्ये ७०० निघतात. दोन्ही आकडे शंभरावर आणले की असं वाक्य तयार होतं: आधी शंभर फोन केले तर त्यातले अकरा खरोखर जाणाऱ्या ग्राहकांना लागायचे, आता अठ्ठावीस लागतात, आणि फोन करणारी माणसं तेवढीच आहेत.

माझ्या मते अर्जातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. यात महसूल नाही, तरी समोरच्या माणसाला चित्र दिसतं. तांत्रिक भाषेत हे वरच्या ५ टक्क्यांतलं प्रिसिजन झालं, पण तो शब्द उच्चारायची गरज पडत नाही. आणि तुलना जुन्या नियमाशी आहे, हवेतली नाही. 'चिठ्ठ्या टाकून निवडण्यापेक्षा सातपट चांगलं' हेही आकड्यांनी खरं आहे, कारण चिठ्ठीने शंभरात चारच सापडले असते. पण टीम चिठ्ठ्या टाकून काम करत नव्हती. अनुभवी मॅनेजर लगेच विचारतो, "आधी काय करत होता?" तिथे सातपट अडीचपटीवर येतं आणि तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास कमी होतो. अडीचपट आधीच सांगितलेली बरी.

अचूकतेचा आकडा मात्र या प्रकारच्या मॉडेलसाठी कुठेही लिहू नका. महिन्याला ४ टक्केच जात असतील तर 'कुणीच जाणार नाही' असं म्हणणारं मॉडेल ९६ टक्के अचूक ठरतं. 'अचूकता ९४ टक्के' असं अभिमानाने लिहिलेलं रिझ्युमे जाणकाराच्या हातात पडलं तर तिथेच संपतं, आणि मॅनेजर ते रिझ्युमे कुणा जाणकाराला दाखवतोच.

आता पुढची कडी: पोचलो, पण वाचवले किती? हिशोब सगळ्यात जास्त इथे चुकतो.

समजा टीमने मॉडेलच्या यादीतून ५०० जण चिठ्ठी टाकून बाजूला काढले आणि त्यांना फोन केला नाही. उरलेल्या २,००० जणांना केला. महिन्याअखेर फोन न केलेल्या ५०० पैकी १४० गेले, म्हणजे २८ टक्के. फोन केलेल्या २,००० पैकी ४६० गेले, म्हणजे २३ टक्के.

फोन केलेल्यांपैकी १,५४० जण टिकले. रिझ्युमेमध्ये नेमकं हेच येतं: 'मॉडेलच्या मदतीने १,५४० धोक्यातले ग्राहक टिकवले.' आकडा खरा आणि दावा खोटा. फोन केलाच नसता तरी २,००० पैकी ७२ टक्के, म्हणजे १,४४० जण थांबलेच असते. बाजूला ठेवलेल्या गटाने तेच दाखवलं. फोनमुळे थांबले ते या दोहोंतला फरक, साधारण १००. पंधराशेचा दावा शंभरावर आणायला जिवावर येतं हे मला समजतं. पण धंद्यातल्या माणसाला १,५४० ऐकताक्षणी शंका येते, कारण आपले ग्राहक फोनवर किती ऐकतात हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. शंभर फोनांमागे पाच ग्राहक वाचले, हे त्याला पटतं.

त्या पाचालाही रुंदी आहे. ५०० चा गट लहान आहे, त्यामुळे फरक नशिबाने थोडा इकडेतिकडे झाला असू शकतो. हा हिशोब स्वतःसाठी आधीच करून ठेवा:

```python
from math import sqrt
p0, n0 = 0.28, 500    # फोन न केलेले
p1, n1 = 0.23, 2000   # फोन केलेले
d = p0 - p1
e = 1.96 * sqrt(p0*(1-p0)/n0 + p1*(1-p1)/n1)
print(d - e, d + e)
```

उत्तर साधारण ०.००६५ ते ०.०९३५ येतं. म्हणजे २,००० फोनांमागे वाचलेले ग्राहक १३ ते १८७ मध्ये कुठेही असू शकतात, आणि आपला सगळ्यात चांगला अंदाज १००. मॅनेजरला 'विश्वासांतर' वगैरे सांगत बसू नका. एवढं म्हणा: "एका महिन्याच्या चाचणीत साधारण शंभर दिसले. चाचणी लहान होती, त्यामुळे खरा आकडा बराच कमी किंवा जास्त असू शकतो, पण फोनमुळे थांबलेले शून्याच्या वरच होते." आणि चाचणी आणखी दोन-तीन महिने चालली असेल तर सगळे महिने एकत्र करून सांगा. त्यातला सगळ्यात चांगला महिना उचलून सांगितलात, तर "बाकीच्या महिन्यांत काय झालं?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

मग पैसे. तुम्हाला महसुलाचे आकडे दिले गेले नाहीत, तरी हिशोब कसा मांडतात हे माहीत असायला हवं, कारण मुलाखतीत तो कागदावर करायला सांगतात. रकमा कुठल्याही चलनात धरा. एक ग्राहक महिन्याला ३०० देतो, त्यातले कंपनीच्या हाती १५० उरतात. वाचलेला ग्राहक आणखी सहा महिने राहील असं धरलं तर एका ग्राहकामागे ९०० झाले. शंभर ग्राहकांचे ९०,०००. एका फोनचा खर्च २०, म्हणजे २,००० फोनांचे ४०,०००. फोनवर महिन्याला ३० ची सवलत तीन महिन्यांसाठी देऊ केली आणि ३०० जणांनी ती घेतली, तर त्याचे २७,०००. एकूण खर्च ६७,०००. हाती उरले २३,०००.

यात तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे ३०० चा महसूलच फायदा म्हणून धरतात, हाती उरणारे १५० धरत नाहीत. तेवढ्यानेच आकडा दुप्पट होतो. दुसरं, वाचलेला ग्राहक नेहमीच्या ग्राहकाइतकीच वर्षं राहील असं मानतात. जो एकदा निघाला होता तो पुन्हा निघण्याची शक्यता जास्त असते, म्हणून मुदत कमी धरावी आणि ती धरलेली आहे हे सांगावं. तिसरं म्हणजे सवलत. हे जवळजवळ सगळेच विसरतात. सवलत घेणारे ३०० आहेत आणि वाचलेले १००. म्हणजे सवलत घेणाऱ्यांतले बहुतेक तसेही राहणारच होते, त्यांना आपण स्वतःहून पैसे सोडले. हा मुद्दा तुम्ही आपणहून काढलात तर मार्केटिंगचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो, कारण त्याचा रोजचा झगडा हाच असतो.

या सगळ्यातून मॅनेजरला सांगण्यासारखा आकडा माझ्या दृष्टीने २३,००० हा नाहीच. तो दहा गृहीतकांवर उभा आहे, एक हललं की बदलतो. त्यापेक्षा ना नफा ना तोटा कुठे होतो ते सांगा: ६७,००० भागिले ९००, म्हणजे साधारण ७५ ग्राहक. "दोन हजार फोनांत पंचाहत्तर ग्राहक वाचले की खर्च निघतो. चाचणीत शंभरच्या आसपास दिसले." यात फायदा आहे, तो फार मोठा नाही हे आहे, आणि रुंदी १३ पासून सुरू होते म्हणजे तोट्याचीही शक्यता आहे हेही आहे. ऐकणारा लगेच स्वतःच्या डोक्यात प्रश्न विचारू लागतो: सवलत कमी केली तर? सवलत फक्त वरच्या हजार जणांना दिली तर? संभाषण तिथे पोचलं की तुम्ही उमेदवार कमी आणि सहकारी जास्त वाटू लागता.

अजून एक बारकावा आहे, आणि तो जाणकारसुद्धा सोडून देतात. वरचे शंभर ग्राहक ही फोन मोहिमेची कमाई आहे, मॉडेलची नाही. मॉडेल नसतं तरी टीम फोन करतच होती, जुन्या यादीवर. तिथेही काही जण थांबले असते. मॉडेलच्या यादीत जाणाऱ्या शंभरांपैकी साधारण अठरा फोनमुळे थांबले (२८ टक्क्यांमधले ५). जुन्या यादीतही हेच प्रमाण धरलं तर तिथे २,००० फोनांमागे जाणारे २२० आणि थांबलेले साधारण ४० झाले असते. म्हणजे मॉडेलच्या वाट्याला येतात १०० वजा ४०, साठेक ग्राहक. हे प्रमाण दोन्ही याद्यांत सारखं असेल हे गृहीतक आहे, मोजलेलं नाही. तीस दिवस ॲप न उघडलेला ग्राहक फोनवर ऐकेल की नाही, हे वेगळंच असू शकतं. म्हणून हा साठचा आकडा रिझ्युमेमध्ये लिहू नका. पण "यात मॉडेलचं किती आणि टीमचं किती?" असं विचारलं तर हा विचार करून ठेवलेला असावा.

आता हे सगळं अर्जात कसं बसवायचं. रिझ्युमेमध्ये जागा दोन ओळींची. त्यात निर्णय, आधीची स्थिती, नंतरची स्थिती आणि कसं कळलं हे चारही हवं, आणि तंत्र शेवटी. तुमची आत्ताची ओळ आहे: 'ग्राहक गळतीसाठी एक्सजीबूस्ट मॉडेल विकसित केलं, एयूसी ०.८४.' तिच्या जागी असं लिहिता येईल:

'रिटेन्शन टीमने महिन्याच्या २,५०० फोनांसाठी ग्राहक निवडण्याची पद्धत बदलली: दर १०० फोनांत खरोखर जाणारे ग्राहक ११ वरून २८ वर गेले. फोन न केलेल्या गटाशी तुलना करता दर १०० फोनांमागे साधारण ५ ग्राहक थांबले (एका महिन्याची चाचणी). एक्सजीबूस्ट, महिन्याला एकदा आपोआप चालणारी यादी.'

बाजूला ठेवलेला गट नसेल तर मधलं वाक्य काढून टाका आणि पहिल्या वाक्यात 'जुन्या डेटावरच्या तपासणीत' हे शब्द घाला. ओळ थोडी नरम होते, पण मुलाखतीत एकाही प्रश्नाला मोडत नाही.

कव्हर लेटरमध्ये हीच ओळ पुन्हा लिहू नका. तिथे ज्या पदासाठी अर्ज करताय त्या टीमचा तसाच एखादा निर्णय शोधा. त्यांना मर्यादित माणसांत तक्रारी तपासायच्या असतील, किंवा मोजकेच अर्ज हाताने पाहायचे असतील, तर रचना तीच असते: क्षमता मर्यादित, यादी लांब, आणि आत्ता निवड एखाद्या ढोबळ नियमाने होते. तीन-चार वाक्यांत एवढं दाखवलंत की पुरे.

समोर बसल्यावर उत्तर दीड मिनिटाचं ठेवा. मी असं सांगेन:

"आमची टीम महिन्याला अडीच हजार ग्राहकांना फोन करू शकायची. ज्यांनी महिनाभर ॲप उघडलं नाही त्यांना फोन जायचा, आणि शंभरातले अकराच खरोखर सोडून जाणारे असायचे. बाकीचे फोन राहणाऱ्या ग्राहकांनाच जायचे. मी दर महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या तीस दिवसांत कोण जाण्याची शक्यता जास्त आहे याची यादी द्यायला लागलो. तेवढ्याच फोनांत आता अठ्ठावीस लागतात. फोनमुळे खरंच थांबतात का हे बघायला आम्ही पाचशे जणांना फोन केला नाही. त्यांच्यापेक्षा फोन केलेल्यांत शंभरामागे पाच जण कमी गेले. त्यात सवलतीचा खर्च धरला तर फायदा होता, पण मोठा नव्हता, आणि पुढची सुधारणा सवलत कुणाला द्यायची यात आहे असं आम्हाला दिसलं."

आणि इथे थांबायचं. पुढे काय विचारायचं ते त्यांना ठरवू द्या. साधारणपणे तीन प्रश्न येतात.

"मग अठ्ठावीस सोडून उरलेले बहात्तर?" हा प्रश्न आला म्हणजे तुमचं वाक्य नीट पोचलं. हे बहात्तर राहणारे ग्राहक आहेत, त्यांना फोन वाया गेला आणि काहींना सवलतही विनाकारण गेली. त्याचा खर्च हिशोबात धरलेला आहे. इथे मॉडेलचा बचाव करू नका, खर्च सांगा.

"यादीत न आलेले किती गेले?" दोन हजारांपैकी सातशे यादीत सापडले, तेराशे नाही. हे लपवण्यासारखं नाही. यादी वाढवली तर आणखी सापडतील, पण खाली जाल तसं शंभरातल्या अठ्ठावीसचे बारा होतील, आठ होतील, आणि कुठेतरी फोनचा खर्चही निघणार नाही. यादी कुठे थांबवायची हे ठरवणं मॅनेजरचं काम, त्यासाठी आकडे देणं आपलं. हे वाक्य या शब्दांत म्हणायलाही हरकत नाही.

"त्या वर्षी गळती तशीही कमी झाली नव्हती का?" इथे सगळ्यात जास्त उमेदवार अडकतात, कारण त्यांचा पुरावाच असा असतो: मॉडेल आलं आणि गळती ४ टक्क्यांवरून ३.७ वर आली. पण त्याच काळात किंमत बदलली असेल, प्रतिस्पर्ध्याची ऑफर संपली असेल, किंवा दरवर्षी त्या महिन्यात गळती कमीच होत असेल. त्यात वरच्या उदाहरणात वाचलेले शंभर ग्राहक म्हणजे ५०,००० वर फक्त ०.२ टक्के. इतका छोटा फरक महिन्यामहिन्याच्या चढउतारात सहज बुडून जातो. म्हणून एकूण गळतीचा आकडा मॉडेलच्या नावावर लिहू नका, तो खरोखर खाली आला असला तरी.

एक गोष्ट मुलाखतीआधी स्वतःशी तपासून घ्या, कारण ती कधीकधी सगळा दावाच पाडते: यादी किती आधी सांगते? मॉडेलला 'सबस्क्रिप्शन रद्द करण्याचं पान उघडलं' किंवा 'ऑटोपेमेंट बंद केलं' अशी माहिती दिली असेल, तर कागदावर ते फार हुशार दिसतं. पण त्या ग्राहकाने निर्णय आधीच घेतलेला असतो, फोन लागेपर्यंत तो गेलेला असतो. लक्षण ओळखणं सोपं आहे: यादीत जाणारे भरपूर सापडतात आणि तरीही फोन केलेल्या व न केलेल्या गटांत काहीच फरक दिसत नाही. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर ते सांगा, आणि ती माहिती काढून टाकल्यावर शंभरातला आकडा कितीवर आला तेही सांगा. धंदा समजणाऱ्या माणसाला 'यादी तीन आठवडे आधी येते' हे एयूसीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

महसुलाचे आकडे नाहीत म्हणून अडून राहू नका, आणि ते बाहेरून अंदाजाने भरूही नका. वरचा पहिला हिशोब करायला फक्त यादीची लांबी, जुन्या यादीत सापडणारे आणि नव्या यादीत सापडणारे एवढंच लागतं, आणि मॉडेल बनवणाऱ्याला हे माहीत असतं किंवा असायला हवं होतं. जुन्या कंपनीचा डेटा किंवा रिपोर्ट सोबत आणलेला नसावा, आणि ग्राहकसंख्या, फोनांची संख्या, किंमत असे मूळ आकडे गोपनीय असू शकतात. म्हणून शंभरावर आणलेलं प्रमाण वापरायचं: '११ वरून २८' यातून कंपनी किती मोठी हे कळत नाही. करारात त्यालाही मनाई असेल तर 'अडीचपट' लिहा. जुना नियम काय होता हेच आठवत नसेल, किंवा तो तपासायचं राहून गेलं असेल, तर चिठ्ठीने निवडलेल्या यादीशी, म्हणजे शंभरात चारशी तुलना करा आणि तुलना कशाशी आहे ते त्याच वाक्यात लिहा.